पंप ‘क्लोज’ होत नाही

सकाळची वेळ. बोईसर स्टेशनचा प्लॅटफॉर्म. तुमच्यासोबत काम करणारा, दोन वर्षांपूर्वी बिहारहून आलेला एक मित्र पालघरहून निघणार आहे. तुम्ही फोन करून विचारता, “गाडी सुटली का?” तो म्हणतो, “हो, सुटली ना!” तुम्ही निवांत. चहा सांगता. दहा मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन येतो, तो अजून पालघरलाच उभा. त्याच्या हिंदीत ‘गाडी छूट गई’ म्हणजे हातची गेली. आपल्याकडे गाडी ‘सुटली’ म्हणजे निघाली, आणि हातची गेली तर ‘चुकली’. त्याचा एकही शब्द चुकीचा नव्हता. गाडी शब्द बरोबर, सुटणे शब्दही बरोबर. चुकली ती फक्त जोडी.

आपल्याला त्याचं हसू येतं. पण हेच आपण रोज इंग्रजीत करतो आणि समोरचा हसत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही.

पालघर, बोईसर, सफाळे, डहाणूच्या कॉलेजांत शिकणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांची पहिली नोकरी तारापूर एमआयडीसीत असते. कुणी बीएस्सी केमिस्ट्री करून क्यूसीत लागतो, कुणी प्रॉडक्शनला ट्रेनी, कुणी बीकॉम होऊन स्टोअर्समध्ये. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रातून १९६९ साली वीज मिळायला लागली, बाजूला औद्योगिक वसाहत वाढली, आणि या पट्ट्यात एक वेगळीच इंग्रजी रुजली. ती वर्गातली नाही, लॉगबुकातली. बोलणं मराठी, हिंदी, गुजराती काहीही असो, शिफ्टच्या शेवटी वहीत लिहायचं ते बहुतेक ठिकाणी इंग्रजीत. इंग्रजी कशी शिकायची हा प्रश्न म्हणूनच आपण आज मुलाखतीच्या खुर्चीत नाही, या वहीसमोर बसून सोडवू.

एक ओळ, चार अर्थ

समजा, तुम्ही ट्रेनी आहात. सेकंड शिफ्ट संपायला वीस मिनिटं आहेत. बाहेर चित्रालयाकडे जाणाऱ्या शेअर रिक्षा उभ्या राहायला लागल्यात. आज रात्री पावणेदहाच्या सुमारास दोन नंबरच्या पंपाच्या सीलमधून गळती दिसली. तुम्ही बटण दाबून पंप थांबवलात, त्याच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केलेत आणि एक नंबरचा पंप चालू केलात. मेंटेनन्सला फोन केलात. इलेक्ट्रिशियन अजून यायचाय, त्यामुळे पंपाची वीज तोडून कुलूप लावायचं बाकी आहे. एवढं सगळं बरोबर करून तुम्ही वही उघडता आणि लिहिता:

“पंप टू इज क्लोज्ड. मेंटेनन्स टोल्ड.”

सही. वेळ. संपलं.

आता रात्रपाळीच्या माणसाच्या जागी बसा. त्याने ही ओळ वाचली. त्याला काय कळलं? एक अर्थ असा, की पंप नुसता थांबवलाय, लागला तर चालू करता येईल. दुसरा अर्थ, पंप आपोआप बंद पडला. तिसरा अर्थ, पंपाचे व्हॉल्व्ह बंद आहेत. चौथा, पंप दुरुस्तीसाठी वेगळा काढलाय, त्याला हात लावायचा नाही. चारही अर्थ त्या एका ‘क्लोज्ड’मध्ये बसतात आणि चारही वेळा त्याने करायचं काम वेगळं आहे. पहाटे तीनला एक नंबरचा पंप ट्रिप झाला, तर तो पहिला अर्थ धरून दोन नंबरचं बटण दाबेल. कारण त्या घाईत त्याला तोच अर्थ हवा असेल. पंप बंद व्हॉल्व्हवर फिरेल, आतला द्रव तापेल, आधीच गळणारं सील पुरतं जाईल. त्याच वेळी फिटर तिथे वाकून सील बघत असेल, तर नुकसान सीलपुरतं राहणार नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. ६ जुलै १९८८ च्या रात्री स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाच्या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत जे समोर आलं, ते आपल्या गोष्टीच्या फार जवळ आहे. दोन पंप होते. एकाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसा दुरुस्तीसाठी काढला होता. ती माहिती रात्रपाळीपर्यंत नीट पोचली नाही. रात्री चालू पंप ट्रिप झाला आणि लोक दुसऱ्याकडे वळले. तिथले लोक इंग्रजीच बोलणारे होते, त्यामुळे तो भाषेच्या चुकीचा अपघात म्हणता येणार नाही. ती हँडओव्हरची चूक होती. पण ज्यांची भाषा इंग्रजी आहे त्यांच्यातही हँडओव्हरमध्ये अर्थ गळून पडतो, तर आपण तो अर्थ ‘क्लोज्ड’ या एका शब्दाच्या भरवशावर सोडू नये, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

‘बंद’ला इंग्रजीत एक शब्द नाही

आता चूक कुठे झाली ते बघू. तुम्हाला व्याकरण येत नव्हतं असं नाही. ‘पंप टू इज क्लोज्ड’ हे वाक्य व्याकरणात चोख आहे. स्पेलिंगही बरोबर. चूक पाचवीतल्या शब्दार्थांच्या वहीत आहे. तिथे आपण लिहिलं होतं, क्लोज म्हणजे बंद करणे. डावीकडे एक शब्द, उजवीकडे एक शब्द, मध्ये बरोबरची खूण. तेव्हापासून डोक्यात ‘बंद’ आलं की हात ‘क्लोज’ लिहितो.

पण इंग्रजीत काय बंद करायचंय त्यावर क्रियापद ठरतं. व्हॉल्व्ह असेल तर ‘क्लोज द व्हॉल्व्ह’. त्यातून येणारी वाफ किंवा पाणी असेल तर ‘शट ऑफ द स्टीम’. विजेवर चालणारा पंप, पंखा, दिवा असेल तर ‘स्विच ऑफ द पंप’. अख्खा प्लांट रीतसर टप्प्याटप्प्याने बंद करायचा असेल तर ‘शट डाउन द प्लांट’. आणि यंत्र स्वतःहून बंद पडलं तर ‘द पंप ब्रोक डाउन’. यंत्राने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी आपोआप वीज तोडली असेल तर ‘द पंप ट्रिप्ड’. म्हणजे ‘क्लोज’ बरोबर की ‘स्विच ऑफ’ बरोबर, हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘क्लोज’ हे व्हॉल्व्हसोबत बरोबर, पंपासोबत चूक.

शब्दांच्या या ठरलेल्या सोबतीला इंग्रजीत कोलोकेशन म्हणतात. आणि क्रियापदाच्या मागे ‘ऑफ’, ‘डाउन’, ‘ओव्हर’ असा छोटा शब्द लागून जे नवं क्रियापद तयार होतं, ते फ्रेझल व्हर्ब. शिकवणाऱ्यांना हे फार आधीपासून माहीत आहे. हॅरॉल्ड पामर या ब्रिटिश शिक्षकाने जपानमध्ये इंग्रजी शिकवताना अशा जोड्या गोळा केल्या आणि १९३३ साली टोकियोत त्यांच्यावर एक मोठा अहवाल काढला. त्याचं म्हणणं साधं होतं: अशी जोडी तुकड्यांनी जुळवायची नसते, ती एकच वस्तू समजून पूर्ण शिकायची असते. शब्दाला त्याच्या सोबत्यांवरून ओळखायचं, हा विचार भाषाशास्त्रात रुजवणारे जे. आर. फर्थ तर त्याआधी काही वर्षं आपल्याच उपखंडात, लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.

गंमत म्हणजे मराठीत आपण हे सगळं आपोआप करतो. पंप ‘बंद केला’, ‘बंद पडला’, ‘बंद ठेवलाय’. तिन्ही ठिकाणी ‘बंद’ तोच, पण शेवटचा शब्द सांगतो की हे कुणी केलं, आपोआप झालं की मुद्दाम तसं राखलंय. ‘केला’ऐवजी ‘पडला’ म्हटलं की सुपरवायझरचा चेहरा बदलतो. इंग्रजीत तेच काम ‘ऑफ’, ‘डाउन’, ‘आउट’ करतात. आपल्याला ते शेपटासारखे वाटतात, राहिले तरी चालतील असे. पण अर्थ बऱ्याचदा शेपटातच असतो. ‘शट ऑफ’ आणि ‘शट डाउन’मध्ये ‘शट’ तोच आहे, फरक सगळा मागच्या शब्दात.

थंडी आपल्याला ‘वाजते’, भूक ‘लागते’, स्वप्न ‘पडतं’, फोटो ‘काढला’ जातो. हे कुठल्या नियमाने? कुठल्याच नाही. लहानपणी आईच्या तोंडून ‘थंडी वाजते का रे?’ असं अख्खं ऐकलं, अख्खं साठवलं. ‘थंडी’ आणि ‘वाजणे’ वेगवेगळे शिकून मग जोडले असते, तर आपण ताशा वाजवतोय की कुडकुडतोय, असा प्रश्न पडला असता.

तीच नोंद, पुन्हा

आता त्याच रात्रीची नोंद तुकड्यांनी लिहू. घडलेल्या क्रमाने जाऊ.

सील गळत होतं म्हणून पंप थांबवला: “वी स्विच्ड ऑफ पंप टू ॲट नाइन फॉर्टी-फाइव्ह बिकॉज द सील वॉज लीकिंग.” म्हणजे आपण थांबवला, तो बंद पडला नाही. दुसरा अर्थ इथेच गेला.

एक नंबरवर गेलो: “वी चेंज्ड ओव्हर टू पंप वन.” हे वाक्य तुम्हाला आधीच येतं. प्लांटमध्ये आपण रोज म्हणतो ना, ‘पंपाचा चेंजओव्हर केला’.

व्हॉल्व्ह: “वी क्लोज्ड द सक्शन अँड डिस्चार्ज व्हॉल्व्ह्ज.” ‘क्लोज’ला त्याचा खरा सोबती मिळाला.

राहिलेलं काम: “द इलेक्ट्रिशियन हॅज नॉट लॉक्ड इट आउट यट.” लॉक आउट म्हणजे वीज तोडून तिथे कुलूप लावणं, जेणेकरून कुणी चुकून चालू करू नये. सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच आहे, की ते अजून झालेलं नाही.

आणि शेवटी: “डू नॉट स्टार्ट इट अप.”

पाच वाक्यं. अवघड शब्द एकही नाही. ‘स्विच’, ‘चेंज’, ‘क्लोज’, ‘लॉक’, ‘स्टार्ट’ हे पाचही शब्द सातवीतल्या मुलाला येतात. म्हणजे तुमची अडचण शब्दसंग्रह कमी असण्याची नव्हती. शब्द होते, पण सुटे होते.

‘चेंजओव्हर’पाशी जरा थांबू, कारण आपल्या पट्ट्यातल्या मुलांची खरी जमेची बाजू तिथे आहे. ‘उद्यापासून शटडाउन आहे’, ‘पंपाचं ब्रेकडाउन झालं’, ‘हँडओव्हर देऊन आलो’, ‘त्याचा फॉलोअप घे’, ‘टाकीला टॉपअप मार’. हे आपण मराठी वाक्यांत सर्रास बोलतो. हे सगळे फ्रेझल व्हर्बच आहेत, फक्त नाम होऊन बसलेले. त्यांना पुन्हा क्रियापद करायचं, एवढंच काम उरतं. ‘ब्रेकडाउन झालं’ याचं “द पंप ब्रोक डाउन.” ‘हँडओव्हर दिला’ याचं “आय हँडेड ओव्हर द शिफ्ट.” ‘टॉपअप मारला’ याचं “वी टॉप्ड अप द टँक.”

इथे एक खाचखळगा आहे. नाम एका शब्दात असतं, क्रियापद दोन शब्दांत. भूतकाळ होताना बदल पहिल्या शब्दात होतो, दुसरा जागचा हलत नाही. म्हणून ‘ब्रेकडाउन्ड’ किंवा ‘हँडओव्हर्ड’ असं काही लिहिलंत, तर समजा की तुम्ही नामालाच शेपूट लावलंय. तुकडा अख्खा शिका म्हणजे व्याकरण सोडून द्या असं नाही. तुकड्याच्या आत काळ कुठे बदलतो हे माहीत हवंच.

वही कशी करायची

शब्दार्थांची जुनी वही फेकू नका, तिची मांडणी बदला. डाव्या पानावर इंग्रजी शब्द लिहायचाच नाही. तिथे प्रसंगाचं मराठी वाक्य लिहायचं, तुम्ही खरंच बोलता तसं. उजव्या पानावर त्याचा सगळ्यात छोटा पण पूर्ण इंग्रजी तुकडा. क्रियापद, त्याचा छोटा शब्द आणि त्याचा सोबती, तिन्ही हवेत.

‘काढणे’ घेऊन बघू, कारण मराठीत या एका क्रियापदावर आपण अर्धं आयुष्य काढतो. ‘रिॲक्टरमधून सॅम्पल काढ’, उजवीकडे ‘टेक अ सॅम्पल’. ‘आधी हेल्मेट काढ’, उजवीकडे ‘टेक ऑफ युअर हेल्मेट’. ‘टाकीतलं पाणी काढून टाक’, ‘ड्रेन ऑफ द वॉटर’. ‘एटीएममधून पैसे काढले’, ‘विथड्रॉ मनी’. क्यूसीतला मुलगा ‘आय रिमूव्ह्ड द सॅम्पल’ असं लिहितो तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं, याने ठेवलेला नमुना उचलून नेला की काय! ‘रिमूव्ह’ म्हणजे काढणे हे पाठ होतं, सॅम्पलसोबत ते कधी पाहिलं नव्हतं.

कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनी ‘भरणे’ घ्यावं. फॉर्म भरला, टाकी भरली, फी भरली. ‘फिल इन द फॉर्म’, ‘फिल अप द टँक’, ‘पे द फीज’. तिसऱ्यात तर ‘फिल’ कुठेच नाही. डावीकडचं मराठी वाक्य पूर्ण असेल तरच उजवीकडे काय येणार ते ठरतं. नुसतं ‘भरणे’ लिहिलंत तर उजवं पान तुम्हाला पुन्हा फसवणार.

वहीत एक बारकी युक्ती करा. फ्रेझल व्हर्ब लिहिताना त्यात ‘इट’ घालून लिहा. ‘स्विच इट ऑफ’, ‘हँड इट ओव्हर’, ‘लॉक इट आउट’. पण ‘लुक इंटू इट’, ‘रन आउट ऑफ इट’. काहींत ‘इट’ मध्ये शिरतो, काहींत शेवटी राहतो. ‘स्विच ऑफ इट’ असं कुणी म्हणत नाही. याचे नियम पाठ करत बसण्यापेक्षा प्रत्येक तुकडा ‘इट’सकट साठवला की ‘इट’ची जागा त्याच्यासोबतच येते.

रोज चार तुकड्यांपेक्षा जास्त नको. ते आणायचे कुठून? तुम्ही त्या दिवशी जे खरंच वाचलंत त्यातून. प्रॅक्टिकलची जर्नल, मशीनवरची सूचना, एसओपी, एखाद्या अनुभवी ऑपरेटरची लॉगबुकातली नोंद. दुसऱ्या दिवशी गाडीत उजवं पान झाका, डावीकडचं मराठी वाचा, इंग्रजी तोंडाने म्हणा. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. जो तुकडा आठवला नाही, त्याचा सोबती बदलून नवं वाक्य करा. ‘टेक अ सॅम्पल’ जमलं नाही तर ‘टेक अ रीडिंग’ही लिहा. उजवं पान नुसतं वाचून ‘हो, येतंय की’ असं वाटणं म्हणजे येणं नव्हे. झाकून आलं तरच आलं.

कुठे फसतं

पहिली फसगत बाजारातल्या पुस्तकांमुळे होते. ‘टेक’चे तीस फ्रेझल व्हर्ब एका पानावर: टेक ऑफ, टेक ओव्हर, टेक आउट, टेक अप, टेक इन. एका बैठकीत पाठ करायला घेतले की ते एकमेकांत मिसळतात, कारण सगळ्यांचं तोंड सारखंच आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री तीस येतात, चार दिवसांनी ‘टेक ओव्हर’ की ‘टेक अप’ हेच आठवत नाही. ओळखायची खूण अशी की छोटा शब्द लिहिताना तुमचा हात अडतो. मग यादी सोडा, प्रसंग धरा. हेल्मेट दिसलं की ‘टेक ऑफ’, शिफ्ट बदलली की ‘टेक ओव्हर’. दोन्ही वेगवेगळ्या आठवड्यांत शिका.

दुसरी फसगत जास्त चिवट आहे. अख्खा तुकडा शिकायचा म्हणता म्हणता चुकीचा तुकडाही अख्खाच बसतो. मुलाखतीत ‘मायसेल्फ अमुक अमुक’ म्हणणारा मुलगा शब्द जोडत नसतो. त्याने ते सीनियरच्या तोंडून एकसंध ऐकलेलं असतं. ‘कोप अप विथ’ तसंच, तिथे ‘अप’ नको, ‘कोप विथ’ एवढंच. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ही फुकटचा. सुटा शब्द चुकला तर तो दुरुस्त करता येतो. तुकडा चुकला तर तो न अडखळता बाहेर पडतो, म्हणून चूक आहे हे आपल्याला जाणवतच नाही. यावर उपाय एकच. वहीत उतरवण्याआधी शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या डिक्शनरीत ते क्रियापद उघडा आणि अर्थ नव्हे, खालची उदाहरणाची वाक्यं वाचा. तुमची जोडी तिथे तशीच दिसली तर लिहा. जोड्यांसाठी स्वतंत्र डिक्शनरीही असते. ऑक्सफर्डची कोलोकेशन्स डिक्शनरी २००२ साली आली. तिच्यात नाम शोधलं की त्यासोबत कोणती क्रियापदं चालतात ते मिळतं. ‘सॅम्पल’ उघडा, ‘टेक’ तिथे सापडेल.

तिसरी गोष्ट फसगत म्हणावी की नाही, हा प्रश्नच आहे. काही जोड्या इथे चालतात आणि दुसरीकडे वेगळ्या वाजतात. ‘आय पास्ड आउट इन २०२३’ हे बोईसरमध्ये सगळ्यांना कळतं, कॉलेज संपलं. लंडनच्या माणसाला वाटेल, तुम्हाला चक्कर आली होती. ‘गिव्ह ॲन एक्झाम’ही आपल्याकडे सर्रास चालतं, इतरत्र परीक्षा ‘टेक’ करतात, कारण तिथे ‘गिव्ह’ शिक्षक करतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्या वर्गात बोलताना चालू द्या. पण वाचणारा कोण आहे ते बघून लिहा. परदेशी कंपनीला जाणाऱ्या ईमेलमध्ये तुम्ही ‘पास आउट’ झालात, तर उगाच काळजी करतील.

आणि या पद्धतीची एक मर्यादाही सांगायला हवी. तुकडे तुम्हाला नेहमीच्या प्रसंगांत सोडवतात. पंप, फॉर्म, शिफ्ट, रीडिंग, पगार यांत तेच तेच प्रसंग परत येतात, म्हणून तिथे फायदा जास्त. कधीच न घडलेलं काही सांगायची वेळ आली, तर तुकडा तयार नसतो, वाक्य स्वतः बांधावंच लागतं. काही जण मुलाखतीची पंधरा-पंधरा वाक्यांची उत्तरं एक तुकडा समजून घोकतात. तो तुकडा नव्हे, ते भाषण झालं. मध्येच कुणी वेगळं विचारलं की ते तिथेच कोसळतं. तुकडा तीन-चार शब्दांचा असावा, म्हणजे तो दुसऱ्या वाक्यात उचलून ठेवता येतो.

आता पुन्हा त्या वहीकडे. सेकंड शिफ्ट संपतेय, हात ‘क्लोज्ड’ लिहायला निघालाय. तिथे एक क्षण थांबून स्वतःला मराठीतच विचारा: मी बंद केला, की बंद पडला, की बंद ठेवलाय? काय बंद केलं, पंप, व्हॉल्व्ह की वाफ? तुमच्याकडे मराठी उत्तर लगेच तयार असेल. मग त्या अख्ख्या मराठी वाक्याचा अख्खा इंग्रजी तुकडा लिहा. खात्री नसेल तर रात्रपाळीच्या माणसासमोर उभं राहून मराठीत किंवा हिंदीत सांगा, पंपाकडे बोट दाखवा, आणि मगच निघा.

घाईत पाच मिनिटं जातील. गाडी चुकेल कदाचित. घरी फोन करून तसं सांगा. ‘सुटली’ म्हणू नका, ‘चुकली’ म्हणा.